शिक्का की ठसा? विषाणूंच्या सात वाटा

कन्नड तालुक्यातल्या पिशोर भागात आलं, मका, कापूस आणि मिरची घेणाऱ्या शेतकऱ्याला पावसाळ्याच्या शेवटी तीन प्रकारचे रुग्ण एकाच वेळी सांभाळावे लागू शकतात. मिरचीची शेंड्याकडची पानं आखडून बारीक होतात, त्याला तो बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतो. गोठ्यातल्या बैलाच्या अंगावर गाठी येतात, तो लम्पी. आणि घरात कुणीतरी डेंग्यूच्या तापाने फणफणलेलं असतं. कृषी केंद्रवाला, जनावरांचा डॉक्टर आणि माणसांचा डॉक्टर तिघंही सांगतात की हा व्हायरस आहे. मग शेतकऱ्याचा प्रश्न अगदी रास्त असतो. तिघंही व्हायरसच असतील, तर तिघांवर एकच औषध का नाही? जिवाणूंवरचं एक अँटिबायोटिक बैलालाही चालतं आणि माणसालाही. व्हायरसच्या बाबतीत तसं का होत नाही?

याचं उत्तर विषाणू कुणाला गाठतो यावरून मिळत नाही. तो आपल्यासोबत काय लिहून आणतो आणि त्या मजकुराच्या प्रती कशा काढतो, यात ते आहे. जिवाणू ही स्वतंत्र पेशी असते, तिच्याकडे खाण्यापासून वाढण्यापर्यंतची स्वतःची यंत्रणा असते आणि औषध त्या यंत्रणेवर घाव घालतं. विषाणूकडे असतो मुख्यतः प्रथिनांच्या आवरणात गुंडाळलेला मजकूर. बाकी बहुतेक सगळं तो शिरेल त्या पेशीचं वापरतो. पण पेशीची यंत्रणा कोणताही मजकूर घेत नाही, आणि विषाणूंचे मजकूर मात्र निरनिराळ्या प्रकारांनी लिहिलेले असतात.

पेशीला वाचता येतं ते एकच

आपल्या पेशीत, बैलाच्या पेशीत आणि मिरचीच्या पेशीत काम एकाच क्रमाने चालतं. मूळ मजकूर केंद्रकात डीएनएच्या दुहेरी धाग्यात असतो. त्यातल्या हव्या त्या भागाची आरएनएमध्ये एकेरी प्रत निघते. या प्रतीला संदेशवाहक आरएनए म्हणतात, आपण नुसतं संदेश म्हणू. हा संदेश केंद्रकाबाहेर येतो आणि रायबोसोम नावाचे सूक्ष्म कण तो वाचून त्याप्रमाणे प्रथिन बनवतात. रायबोसोमला डीएनए वाचता येत नाही. दुहेरी आरएनएही वाचता येत नाही. त्याला लागतो एकेरी आरएनए, आणि तोही सुलट बाजूचा.

सुलट म्हणजे काय, हे नीट पाहू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आरएनएच्या धाग्यात चार अक्षरं असतात: ए, यू, जी आणि सी. प्रत काढताना ए समोर यू येतो, जी समोर सी येतो. रायबोसोम वाचायला सुरुवात करतो ती साधारणपणे ए-यू-जी या अक्षरांपासून. आता याच धाग्याची समोरची प्रत काढली तर तिथे यू-ए-सी येईल. माहिती तीच, एक अक्षरही हरवलेलं नाही, पण रायबोसोमच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही.

ग्रामपंचायतीचा रबरी शिक्का हातात घेऊन पाहिला तर त्यावर सरपंचांचं पद आणि गावाचं नाव उलट्या अक्षरांत असतं. ते तसं वाचता येत नाही. शाईत बुडवून कागदावर उमटवला की ठसा सुलट येतो आणि तो कुणीही वाचतो. जो आरएनए रायबोसोमला थेट वाचता येतो तो ठसा, त्याला शास्त्रज्ञ धन धागा म्हणतात. त्याच्या उलट जो असतो तो शिक्का, म्हणजे ऋण धागा. ठशावरून शिक्का कोरता येतो, शिक्क्यावरून ठसा उमटवता येतो. पण वाचायचा असेल तर ठसाच लागतो.

अमेरिकी विषाणुशास्त्रज्ञ डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1971 मध्ये सगळ्या विषाणूंना एकच प्रश्न विचारला: तू जे काही घेऊन आला आहेस, त्यापासून ठशापर्यंत कसा पोहोचतोस? उत्तरं मोजकीच निघाली. त्यांनी सहा गट मांडले, पुढे सातवा जोडला गेला. हजारो विषाणूंची वाटणी सात गटांत होते, कारण न्यूक्लिक आम्लांमध्ये ठशापर्यंत जायच्या वाटाच तेवढ्या सापडल्या आहेत.

नागपूर, 1965: एक साथ, दोन तऱ्हेचे मजकूर

हे प्रत्यक्षात कसं दिसतं त्यासाठी पिशोरहून विदर्भात जाऊ. 1965 मध्ये नागपुरात तापाची मोठी साथ होती. चिकनगुन्या आणि डेंग्यू दोन्ही पसरले होते. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासताना दोन नमुन्यांत वेगळाच विषाणू सापडला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी 1967 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि ज्या भागातून तो आला त्यावरून त्याचं नाव पडलं चांदीपुरा.

आता गंमत पाहा. डेंग्यूचा मजकूर साधारण 10,700 अक्षरांचा, चिकनगुन्याचा सुमारे 11,800 अक्षरांचा, चांदीपुराचा जवळपास 11,100 अक्षरांचा. तिन्ही एकेरी आरएनए. लांबी जवळजवळ सारखी, पदार्थ तोच. फरक इतकाच की डेंग्यू आणि चिकनगुन्या ठसा घेऊन येतात आणि चांदीपुरा शिक्का घेऊन येतो. या एका फरकावरून तिघांच्या पुढच्या वागण्याबद्दल बरंच काही न पाहता सांगता येतं.

डेंग्यूचं काम सोपं आहे. विषाणू पेशीत शिरला, आवरण सुटलं, आरएनए मोकळा झाला की रायबोसोम तो लगेच वाचू लागतात. डेंग्यूचा अख्खा मजकूर एकाच दमात वाचला जातो आणि एक लांबलचक प्रथिन तयार होतं. मग त्याचे दहा तुकडे पडतात. त्यातला एक तुकडा असतो आरएनएवरून आरएनए काढणारं विकर, म्हणजे पॉलिमरेज. हे विकर आपल्या पेशीत नसतं, कारण आपल्याला आरएनएवरून आरएनएच्या पूर्ण प्रती काढायची गरजच पडत नाही. डेंग्यू ते इथे आल्यावर बनवून घेतो. मग त्या विकराने आपल्या ठशावरून थोडे शिक्के कोरले जातात आणि त्या थोड्या शिक्क्यांवरून कितीतरी पट ठसे उमटतात.

या पद्धतीत एक उधळेपणा आहे. सगळं एकाच लांब प्रथिनातून कापून काढायचं असल्यामुळे विषाणूला पॉलिमरेज हवं तेवढं थोडं आणि आवरणाचं प्रथिन भरपूर, असं बनवता येत नाही. जितकं एक, तितकंच दुसरं. पण तयारी मात्र काहीच लागत नाही. येताना एकही विकर सोबत आणावं लागत नाही.

चांदीपुराने असंच करायचं म्हटलं तर तो तिथेच संपेल. त्याचा आरएनए पेशीत मोकळा सोडला तर रायबोसोमला तो वाचता येणार नाही. वाचला नाही तर पॉलिमरेज बनणार नाही, आणि पॉलिमरेज नाही तर ठसा उमटणार नाही. म्हणजे त्याला शिक्क्याबरोबर शाईची डबीही खिशात घालूनच यावं लागतं. विकर कणाच्या आतच बांधून आणलेलं असलं पाहिजे. गट ठरला की हे भाकीत आपोआप निघतं.

भाकीत खरं निघालं कसं

1970 मध्ये बाल्टिमोर, अ‍ॅलिस हुआंग आणि मार्था स्टॅम्फर यांनी चांदीपुराच्याच प्रजातीतला एक भाऊबंद घेतला. व्हेसिक्युलर स्टोमाटायटिस नावाचा हा विषाणू गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या तोंडात फोड आणतो. त्यांनी शुद्ध केलेले विषाणूचे कण सौम्य साबणासारख्या द्रव्याने उघडले आणि त्यात आरएनएची सुटी अक्षरं टाकली. पेशीचा पत्ताच नव्हता, तरी नळीत नवा आरएनए तयार होऊ लागला. विकर कणाच्या पोटात होतं.

त्याच वर्षी बाल्टिमोर यांनी हाच प्रयोग उंदरात रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूवर केला आणि तिथे आरएनएवरून चक्क डीएनए बनताना दिसला. हॉवर्ड टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांनी दुसऱ्या विषाणूत स्वतंत्रपणे तेच दाखवलं. उलट दिशेने काम करणारं हे विकर म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. बाल्टिमोर आणि टेमिन यांना 1975 चं नोबेल मिळालं.

त्याहून बोलका पुरावा पुढे मिळाला. पोलिओचा विषाणू डेंग्यूसारखा ठसा आणणारा. 1981 मध्ये व्हिन्सेंट रॅकानिएलो आणि बाल्टिमोर यांनी त्याच्या मजकुराची डीएनएमध्ये प्रत काढून ती पेशीत सोडली, आणि त्यातून जिवंत पोलिओ विषाणू बाहेर पडले. रेबीजचा विषाणू चांदीपुराच्या कुळातला, म्हणजे शिक्का आणणारा. त्याच्या बाबतीत तसं करायला 1994 साल उजाडलं. कारण नुसता मजकूर देऊन भागत नव्हतं, मजकुराला गुंडाळणारं प्रथिन आणि पॉलिमरेजचे दोन भाग पेशीला वेगळे पुरवावे लागले. एकाच तंत्राला दोन गटांत तेरा वर्षांचं अंतर पडलं ते या अडचणीपायी.

चांदीपुरा पेशीत काय करतो

चांदीपुरा पसरतो वाळूमाशीच्या चाव्यातून. भिंतींच्या भेगा, गोठ्यातली ओल, शेणकचऱ्याचे ढीग ही तिची राहायची ठिकाणं. विषाणू पेशीत शिरतो आणि त्याचा आरएनए एका प्रथिनात गुंडाळलेला असतानाच कामाला लागतो. तो कधी उघडा पडतच नाही. या मजकुरात पाच जनुकं एका ओळीत असतात. पहिलं गुंडाळणाऱ्या प्रथिनाचं, दुसरं पॉलिमरेजच्या मदतनिसाचं, तिसरं कणाला आकार देणाऱ्या प्रथिनाचं, चौथं बाहेरच्या काट्यांचं आणि पाचवं खुद्द पॉलिमरेजचं.

सोबत आणलेलं पॉलिमरेज फक्त ओळीच्या एका टोकापासून सुरुवात करू शकतं. पहिल्या जनुकाचा ठसा काढून झाला की ते थांबतं आणि पुढच्या जनुकाला लागतं. पण दर वेळी या सांध्यावर काही पॉलिमरेज गळून पडतात. चांदीपुराच्या त्या भावंडात हे प्रमाण साधारण 20 ते 30 टक्के मोजलं गेलं आहे. हिशोब करून पाहू. 100 पॉलिमरेज निघाले आणि प्रत्येक सांध्यावर 30 टक्के गळाले, तर पहिल्या जनुकाचे 100 ठसे निघतील, दुसऱ्याचे 70, तिसऱ्याचे 49, चौथ्याचे 34 आणि पाचव्याचे 24.

विषाणूला नेमकं हेच हवं असतं. आरएनए गुंडाळायला पहिलं प्रथिन ढीगभर लागतं, पॉलिमरेज मात्र थोडं पुरतं. भावंडाच्या एका कणात गुंडाळणाऱ्या प्रथिनाचे सुमारे 1,250 रेणू असतात आणि पॉलिमरेजचे फक्त 50 च्या आसपास. डेंग्यूला जे साधत नाही ते चांदीपुराने नुसत्या जनुकांच्या क्रमाने साधलं आहे. मला या विषाणूतली ही सगळ्यात चतुर गोष्ट वाटते, आणि ती ऋण धाग्याच्या सक्तीतून निघालेली आहे.

मग पूर्ण प्रती कधी काढायच्या? सुटे ठसे काढत राहिलं तर नवे विषाणू तयार होणार नाहीत, त्यासाठी सांध्यावर न थांबता टोकापासून टोकापर्यंत एकसंध प्रत लागते. इथेही पहिलं प्रथिनच निर्णय घेतं. ते पुरेसं साठलं की नव्या आरएनएला निघता निघता गुंडाळू लागतं आणि पॉलिमरेज सांध्यांकडे दुर्लक्ष करून सरळ पुढे जातं. आधी संपूर्ण लांबीचा ठसा, मग त्यावरून नवे शिक्के. नव्या कणांत शिक्काच भरला जातो आणि त्याबरोबर पॉलिमरेजही, नाहीतर पुढची पिढी मुकी निघेल.

चांदीपुराचं भयंकर रूप पुढे लक्षात आलं. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलं मेंदूज्वराने आजारी पडली आणि त्यांतली 183 दगावली. त्या साथीची झळ महाराष्ट्रालाही बसली होती. 2024 मध्ये जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराच्या 245 रुग्णांची नोंद झाली, 82 जण मरण पावले आणि 64 जणांत चांदीपुरा असल्याचं पक्कं झालं. त्यातले बहुतेक गुजरातमधले होते. बहुतेक रुग्ण पंधरा वर्षांखालची मुलं. ताप, उलट्या, झटके आणि बेशुद्धी इतक्या झपाट्याने येतात की दवाखान्यात पोहोचल्यावर एक-दोन दिवसांतच निकाल लागतो.

चौकट: सात गट, थोडक्यात

पहिला: दुहेरी डीएनए. पेशीसारखाच संदेश काढतो. नागीण, लम्पी.

दुसरा: एकेरी डीएनए. आधी दुहेरी होतो, मग संदेश. मिरचीचा बोकड्या.

तिसरा: दुहेरी आरएनए. विकर सोबत आणावं लागतं. लहान मुलांच्या जुलाबाचा रोटाव्हायरस.

चौथा: धन आरएनए. थेट वाचला जातो. डेंग्यू, चिकनगुन्या, पोलिओ, कोरोना.

पाचवा: ऋण आरएनए. विकर सोबत. चांदीपुरा, रेबीज, गोवर, फ्लू.

सहावा: धन आरएनए, पण वाचण्याआधी डीएनए बनवतो. एचआयव्ही.

सातवा: डीएनए, पण प्रती आरएनएच्या मार्गाने काढतो. कावीळ बी.

पुन्हा पिशोरच्या शेतात

मिरचीवरच्या बोकड्याचं एक मोठं कारण आहे पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू. (पानं आखडण्याचं कारण दर वेळी विषाणूच नसतो. फुलकिड्यांनी पान वरच्या बाजूला वळतं, कोळी असला तर खालच्या बाजूला. फवारणीआधी पान उलटं करून पाहावं.) या विषाणूचा मजकूर फक्त 2,700 अक्षरांच्या आसपासचा, एकेरी डीएनएचं एक वर्तुळ. तो सोबत काहीच विकर आणत नाही, कारण डीएनएची समोरची बाजू भरून काढणारी यंत्रणा प्रत्येक पेशीच्या केंद्रकात असते. गट पाहून आपण सांगू शकतो की हा विषाणू केंद्रकातच जाणार, आणि खरोखर तो तिथेच जातो.

पण त्याला एक अडचण येते. पूर्ण वाढलेल्या पानातल्या पेशी विभागणं थांबवून बसलेल्या असतात. विभागणी नाही म्हणजे डीएनए बनवायची यंत्रणा बंद. म्हणून या विषाणूचं एक प्रथिन पेशीच्या विभागणीला आवर घालणाऱ्या प्रथिनाला पकडतं आणि झोपलेल्या पेशीला पुन्हा डीएनए बनवायला लावतं. जे विषाणू पेशीच्या डीएनए यंत्रणेवर विसंबतात त्यांतल्या अनेकांना हे करावं लागतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा पॅपिलोमा विषाणूही याच गरजेतून पेशीला विभागायला भाग पाडतो. मिरचीच्या पानाचा आणि त्या कर्करोगाचा संबंध कुणाच्या मनात येणार नाही, पण दोघांची मूळ गरज एकच आहे.

लम्पीचा मजकूर मात्र अवाढव्य, सुमारे दीड लाख अक्षरांचा दुहेरी डीएनए. देशात तो 2019 मध्ये ओडिशात पहिल्यांदा नोंदला गेला. 2022 मध्ये महाराष्ट्रात त्याने असा जोर धरला की जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. पहिला गट म्हटल्यावर तो केंद्रकात जाईल असं वाटतं. तो जात नाही. देवीच्या कुळातले हे विषाणू केंद्रकाबाहेर पेशीरसातच सगळं काम उरकतात. बाहेर डीएनएवरून संदेश काढणारी यंत्रणा नसते. म्हणून लम्पी ती सोबत घेऊन येतो आणि डीएनएच्या प्रती काढायचं विकरही स्वतःच्या मजकुरातून बनवतो. दीड लाख अक्षरं लागतात ती या सगळ्यासाठी.

म्हणजे गटाचा क्रमांक सगळं सांगत नाही. संदेश कोणत्या साच्यावरून निघेल हे तो सांगतो, पण ते काम पेशीच्या कोणत्या भागात होईल हे वेगळं तपासावं लागतं. फ्लू हे याचं दुसरं उदाहरण. तो चांदीपुराच्याच गटातला, पण काम करायला केंद्रकात जातो, कारण पेशीच्या संदेशांचे शेंडे तोडून आपल्या संदेशांना लावायची त्याला सवय आहे. आजार किती गंभीर होईल, कुणाला होईल, हेही गटावरून कळत नाही. साधी सर्दी करणारा ऱ्हायनोव्हायरस आणि पोलिओ एकाच गटात बसतात.

लसीच्या बाबतीत मात्र गटापेक्षा नातं महत्त्वाचं ठरतं. 2022 मध्ये आपल्याकडे गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली. ती चालली, कारण शेळीचा देवी विषाणू आणि लम्पी हे अगदी जवळचे नातलग आहेत. दोघंही पहिल्या गटात आहेत म्हणून नव्हे.

आरटी-पीसीआरमधलं आरटी

कोरोनाच्या काळात आरटी-पीसीआर हा शब्द वाड्यावस्त्यांवर पोहोचला. पीसीआर ही डीएनएच्या छोट्या तुकड्याच्या अगणित प्रती काढायची पद्धत आहे. ती फक्त डीएनएवर चालते. कोरोना, डेंग्यू, चांदीपुरा हे आरएनए विषाणू, म्हणून आधी त्यांच्या आरएनएचा डीएनए करावा लागतो. ते काम करतं बाल्टिमोर आणि टेमिन यांना 1970 मध्ये सापडलेलं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. आरटी म्हणजे तेच. लम्पीच्या गाठीचा नमुना तपासताना ही पायरी लागत नाही, साधा पीसीआर पुरतो, कारण मजकूर मुळातच डीएनए आहे. चांदीपुराचा नमुना कुणी साध्या पीसीआरने तपासला तर विषाणू समोर असूनही अहवाल निरंक येईल.

एक गोळी, दोन विषाणू

आता शेवटी औषधाकडे येऊ. विषाणूवरचं औषध म्हणजे त्याच्या प्रती काढायच्या वाटेवरचा अडथळा. वाटा वेगळ्या असतील तर एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. आणि वाटेत एकच विकर लागत असेल, तर वरवर दोन टोकांचे वाटणारे विषाणूही एकाच गोळीला अडतात.

एचआयव्ही आरएनएचा विषाणू. कावीळ बी डीएनएचा. एक रक्तातल्या पेशींत राहतो, दुसरा यकृतात. तरी टेनोफोव्हिर ही एकच गोळी दोघांवर चालते. लॅमिव्हुडिनही चालते. कसं?

एचआयव्ही धन आरएनए घेऊन येतो, पण तो रायबोसोमकडे देत नाही. सोबत आणलेल्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजने त्याचा डीएनए करतो आणि तो आपल्या डीएनएत जोडून टाकतो. पुढचे संदेश तिथून निघतात. कावीळ बी चा मजकूर सुमारे 3,200 अक्षरांचा, अर्धवट दुहेरी डीएनए. तो केंद्रकात जाऊन पूर्ण होतो आणि तिथे बंद वर्तुळ होऊन बसतो. त्यावरून आपल्याच पेशीचं विकर एक लांब आरएनए काढतं. हा आरएनए बाहेर नव्या आवरणात भरला जातो आणि त्या आवरणाच्या आत रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज त्याचा पुन्हा डीएनए करतं. एचआयव्ही आरएनए, डीएनए, आरएनए असा फिरतो, कावीळ बी डीएनए, आरएनए, डीएनए असा. चक्र एकच, फक्त कणात बंद व्हायची जागा वेगळी. दोघांना आरएनएवरून डीएनए करावाच लागतो, आणि टेनोफोव्हिर नेमकं ते विकर अडवतं. ते डीएनएच्या खऱ्या अक्षरासारखं दिसतं, धाग्यात जोडलं जातं, आणि त्याला पुढचं अक्षर जोडायची जागाच नसल्यामुळे धागा तिथे खुंटतो. चांदीपुरा आणि डेंग्यू हे विकर वापरतच नाहीत, म्हणून या गोळीचा त्यांच्यावर उपयोग नाही.

हेच चित्र गोळीची मर्यादाही दाखवतं. टेनोफोव्हिर नव्या प्रती थांबवतं, पण यकृताच्या पेशीच्या केंद्रकात आधीच बसलेलं डीएनएचं वर्तुळ त्याच्या हाती लागत नाही. तपासणीत विषाणू दिसेनासा झाला तरी ते वर्तुळ तिथेच असतं, आणि औषध बंद केलं की त्यावरून पुन्हा आरएनए निघू लागतो. असा उसळलेला आजार कधी कधी यकृत निकामी होण्यापर्यंत जातो. म्हणून कावीळ बी साठी ज्यांना ही गोळी सुरू आहे, किंवा एचआयव्हीसोबत कावीळ बी सुद्धा आहे, त्यांनी बरं वाटतंय किंवा अहवाल चांगला आला म्हणून ती स्वतःहून थांबवू नये आणि एआरटी केंद्रावर गोळ्या बदलून देताना आपल्याला कावीळ बी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.